वजन ‘योग्य’, रक्त अहवाल सामान्य, तरीही दाखल करा म्हणतात : किशोरवयीन ॲनोरेक्सियात हा निर्णय कशावर ठरतो?

शंतनू_प

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिची उंची १६२ सेंटीमीटर असून गेल्या आठ महिन्यांत तिचे वजन ६९ किलोवरून ५१ किलोवर आले आहे. पहिले तीन-चार महिने आम्ही घरच्यांनीच तिचे कौतुक केले, आणि ते आठवले की आता घास घशाखाली उतरत नाही. परवा सकाळी अंघोळीनंतर ती भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी तपासून ॲनोरेक्सियाचे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराचे, निदान केले आणि आजच रुग्णालयात दाखल करा असे सांगितले. रक्ताचे सर्व अहवाल सामान्य आहेत. ईसीजीमध्ये ठोके मंद आहेत, एवढाच शेरा आहे. नात्यातील एका डॉक्टरांचे म्हणणे असे, की उंचीच्या मानाने वजन अगदी योग्य आहे, सलाईन लावून घरी न्यावे आणि समुपदेशन सुरू करावे. मुलगीही म्हणते, ‘मी काही हाडांचा सापळा झालेली नाही.’ माझा प्रश्न एवढाच आहे, की अशा वेळी दाखल करण्याचा निर्णय नेमका कोणत्या मोजमापांवर घेतात?

धावता_पाय

घाबरू नका. मी गेली बारा वर्षे लांब पल्ल्याचे धावतो आणि बसलेला असताना माझी नाडी ४६ असते. नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून ठोके कमी लागतात. तुमची मुलगी व्यायाम करत असेल, तर मंद ठोके हे तंदुरुस्तीचेच लक्षण असू शकते.

डॉ_मृणाल

शंतनू, मत देण्यापूर्वी काही गोष्टी विचारते. नाडी आडवे झोपवून मोजली होती का, आणि उभे केल्यावर किती झाली? रक्तदाब आणि तापमान किती होते? पाळी कधीपासून बंद आहे? गेल्या दोन-तीन दिवसांत ती साधारण किती खाते आहे? उलट्या करते का, हे तुम्ही खोलीत नसताना कोणी तिला विचारले आहे का? ईसीजीच्या कागदावर ‘क्यूटीसी’समोर एक आकडा असेल, ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या सावरायला किती वेळ लागतो ते त्यावरून कळते, तोही सांगा.

शंतनू_प

कागद समोर ठेवून लिहितो. पाच मिनिटे आडवे झोपवून नाडी ४४, उभे राहून दोन मिनिटांनी ८८. रक्तदाब झोपून ९६/५८, उभे राहून ९०/६०. तापमान ३५.८. क्यूटीसी ४१०. पोटॅशियम ३.६, सोडियम १३७, फॉस्फेट सामान्य मर्यादेत. पाळी चार महिने नाही. गेल्या तीन दिवसांत ती जेवणाला जवळजवळ नकारच देते आहे. उलट्यांबद्दल डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून विचारले आणि ती नाही म्हणाली.

डॉ_मृणाल

एवढ्या तपशिलावर मी तुमच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत आहे. कृपया आजच दाखल करा, बाकीचे वाचन नंतर झाले तरी चालेल.

आता कारणे सांगते. पहिला मुद्दा वजनाचा. किशोरवयात मोठ्यांसारखा बीएमआयचा ठरावीक आकडा चालत नाही, कारण वयाबरोबर अपेक्षित बीएमआय बदलत जातो. म्हणून मुलाचा बीएमआय त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या मध्यकाशी, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यास अगदी मधोमध येणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहतात आणि त्याचे टक्के काढतात. तुमच्या मुलीचा बीएमआय १९.४ येतो. १५ वर्षांच्या मुलींचा मध्यक सुमारे २० आहे, म्हणजे ती मध्यकाच्या ९७ टक्क्यांवर आहे. दाखल करण्यासाठी अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर ॲडोलसंट हेल्थ अँड मेडिसिन’ने या मापाची सीमा ७५ टक्के किंवा त्याखाली ठेवली आहे. तुमच्या नातेवाइकांनी फक्त हे एक माप पाहिले आणि त्या मापापुरते ते चुकलेले नाहीत.

परंतु तिने आठ महिन्यांत ६९ पैकी १८ किलो, म्हणजे २६ टक्के वजन गमावले आहे. वर्षभरात २० टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर तेवढ्यावरूनच कुपोषण तीव्र गटात धरतात, मग मुलगी सुरुवातीला कितीही जाड असो. शरीराला तक्त्यातला मध्यक ठाऊक नसतो. त्याला एवढेच कळते की इंधन तुटले आहे, आणि ते खर्च कमी करू लागते. हृदय मंदावते, तापमान उतरते, पाळी थांबते. ॲनोरेक्सियाची मानसिक लक्षणे आहेत पण वजन कमी दिसत नाही, अशा मुलांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की दाखल होतेवेळच्या वजनापेक्षा किती वजन घटले आणि किती वेगाने घटले, यांवरून नाडीच्या मंदपणाचा अंदाज अधिक चांगला येतो.

दुसरा मुद्दा नाडीचा. जागेपणी ५० च्या खाली आणि झोपेत ४५ च्या खाली गेलेली नाडी, ही त्याच संस्थेच्या निकषांत दाखल करण्याची कारणे आहेत. धावता_पाय यांचे म्हणणे खेळाडूंबाबत खरे आहे. फरक ओळखण्याची खूण मात्र या कागदावरच आहे. कसलेल्या धावपटूची नाडी उभे राहिल्यावर थोडीच वाढते, कारण त्याचे हृदय प्रत्येक ठोक्याला भरपूर रक्त देत असते. उपाशी शरीरात हृदयाचा स्नायू झिजलेला असतो आणि रक्ताचे आकारमानही घटलेले असते. झोपलेले असताना नाडी मंद राहते आणि नुसते उभे राहायला दुप्पट ठोके लागतात. ४४ वरून ८८ ही तंदुरुस्ती नव्हे. उभे राहिल्यावर किती वाढ धोक्याची मानावी, याचे आकडे निरनिराळ्या निकषांत २० पासून ४० पर्यंत आहेत. ४४ ठोक्यांची वाढ त्या सगळ्यांच्या पलीकडची आहे.

तिसरा मुद्दा रक्त अहवालांचा, आणि घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. अशा बहुसंख्य मुलांचे रक्त अहवाल सामान्यच येतात. शरीर पेशींतला साठा रिकामा करून रक्तातली पातळी शेवटपर्यंत राखते. पोटॅशियम कमी आले तर धोका नक्कीच आहे, पण ते सामान्य आले म्हणून धोका नाही असे म्हणता येत नाही.

सलाईनबद्दलही स्पष्ट लिहिते. दीर्घकाळ उपाशी असलेल्या मुलीला ग्लुकोजचे सलाईन भराभर देऊन घरी पाठवणे हा मधला मार्ग नाही. ग्लुकोजने इन्शुलिन वाढते, इन्शुलिनमुळे रक्तातले फॉस्फेट पेशींत शिरते, आणि आज सामान्य दिसणारे फॉस्फेट काही दिवसांत कोसळू शकते. शिवाय अशक्त हृदयाला भराभर दिलेला द्रव पेलत नाही.

धावता_पाय

उभे राहिल्यावरच्या फरकाचे मला ठाऊक नव्हते. आता मोजून पाहिली, तर माझी ४७ वरून ५९ झाली. शंतनू, माझा पहिला प्रतिसाद कृपया विचारात घेऊ नका.

मैत्रेयी_क

माझ्या भाचीचेही वजन वाढत नाही. वजन वाढवण्यासाठी कोणती प्रथिन पावडर द्यावी आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांनी इथेच सांगितले तर सर्वांना उपयोग होईल.

डॉ_मृणाल

मैत्रेयी, इथला प्रश्न वजन वाढवण्याच्या उपायांचा नाही, आणि न पाहिलेल्या मुलीला मी काही सुचवणार नाही. तिचे वजन पूर्वी वाढत होते आणि आता थांबले आहे, की ती लहानपणापासूनच बारीक पण आपल्या रेषेवर वाढणारी आहे, हे वाढीच्या तक्त्यावर पाहून घ्या. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. ती जेवण टाळत असेल किंवा वजनाची भीती बोलून दाखवत असेल, तर पावडर न शोधता आधी तिची नाडी आणि रक्तदाब तपासून घ्या.

कल्पना_परिचारिका

मी किशोरवयीन विभागात अकरा वर्षे काम करते. मोजमाप कसे घेतले यावर निकाल किती फिरतो, ते सांगते. जिना चढून आलेल्या मुलीला खुर्चीत बसवून लगेच बोटाला यंत्र लावले, तर नाडी ७२ येते आणि सगळे निर्धास्त होतात. तीच मुलगी पाच मिनिटे शांत आडवी झोपली, आणि मी मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजले, तर ४३ येते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणेही इथे नको, कारण एवढ्या मंद नाडीत एका ठोक्याची चूक चारची होते.

वजन आम्ही सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, फक्त रुग्णालयाच्या झग्यात, रोज एकाच काट्यावर घेतो, आणि मुलीची पाठ आकड्याकडे ठेवतो. सोबत लघवीची सापेक्ष घनता तपासतो. ती १.००५ च्या खाली असेल, तर वजनाआधी भरपूर पाणी प्यायले गेले असण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवशीच्या वजनावर मी विश्वास ठेवत नाही आणि सोडियम पाहायला सांगते. मुलीला खोटे ठरवण्यासाठी हे करत नाही. जास्त पाण्याने सोडियम उतरून झटके येऊ शकतात, म्हणून करतो.

आणखी एक साधी चाचणी आहे. आडवे झोपलेल्या मुलीला हात न टेकता उठून बसायला सांगायचे, मग उकिडवे बसून हात न लावता उभे राहायला सांगायचे. मागे एक मुलगी छान हसत-बोलत होती, अहवाल सगळे नीट होते. उकिडवी बसली आणि उठताना तिने गुडघ्यांवर हात रोवले. दुसऱ्यांदा हात छातीशी धरून प्रयत्न केला, तर जागची हललीच नाही. तोवर तिच्या आईला स्नायू एवढे गेले असतील असे वाटलेच नव्हते.

निवासी_बालरोग

डॉ. मृणाल यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात जागेपणी नाडी ४० च्या खाली गेली तर ‘लाल’ धोका धरतात, आणि ४० ते ५० म्हणजे ‘पिवळा’. बीएमआयच्या मध्यकाची लाल सीमाही तिथे ७० टक्के आहे. आमच्याकडे खाटा मोजक्या आहेत आणि फक्त नाडी ४४ आहे म्हणून आम्ही दाखल करत नाही. आठवड्यातून दोनदा तपासणी आणि घरच्यांच्या देखरेखीखाली जेवण, असे करून अनेक मुले सावरतात. दाखल केल्याने शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आणि काही मुली विभागातल्या इतर रुग्णांकडून नको त्या गोष्टी शिकतात. हे नुकसानही हिशेबात धरावे.

डॉ_मृणाल

हा मतभेद खरा आहे आणि तो आपल्या दोघांपुरता नाही. ५० आणि ४० यांपैकी कोणता आकडा अधिक जीव वाचवतो, हे थेट ताडून पाहिलेले नाही. दोन्ही आकडे जाणकारांच्या सहमतीने ठरलेले आहेत. माझ्याकडे एकच निकष हलकासा ओलांडलेला असेल, खाणे सुरू असेल, वजन स्थिर झाले असेल आणि घरातले दोन मोठे प्रत्येक जेवणाला बसू शकत असतील, तर मीही रोजच्या तपासणीवर मुलाला घरी ठेवले आहे.

परंतु तुम्ही ज्या मार्गदर्शनाचा दाखला दिलात, त्यातही एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नये, सगळे चित्र एकत्र पाहावे असेच म्हटले आहे. या मुलीचे चित्र पाहा. २६ टक्के घट, झोपून ४४, उभे राहून दुप्पट, एकदा भोवळ, आणि तीन दिवसांपासून खाण्यास नकार. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. बाकीचे आकडे आज ती कुठे आहे ते दाखवतात. खाणे थांबले आहे, यावरून उद्या ती कुठे असेल ते कळते. तिच्या बाबतीत तुम्ही घरी पाठवाल का?

निवासी_बालरोग

नाही. खाणे थांबलेले असताना नाही पाठवणार. माझा आक्षेप फक्त ५० या आकड्यावर यांत्रिकपणे दाखल करण्याला होता, आणि तो कायम आहे.

अनघा_द

माझ्या मुलाचा अनुभव लिहिते, कारण इथे सगळी चर्चा वजन घटण्याची चालली आहे. त्याचे वजन एक किलोनेही घटले नव्हते. साडेदहा वर्षांचा असताना तो ३१ किलोचा होता आणि बारा वर्षांचा झाला तेव्हाही ३१ किलोचाच. उंची दीड वर्षात जेमतेम एक सेंटीमीटर वाढून १४६ झाली. आम्ही म्हणत होतो की वाढीचे वय अजून यायचे आहे. मुलगा असल्यामुळे या आजाराचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. शाळेच्या गणवेशाची पँट दुसऱ्या वर्षीही तीच बसली, तेव्हा शिवणाऱ्या बाईंनी विचारले, ‘याची मापे बदललीच नाहीत का?’ नवीन डॉक्टरांनी जुन्या लसीकरणाच्या कार्डावरची वजने तक्त्यावर मांडली, तेव्हा सरळ वर जाणारी रेषा एका ठिकाणी आडवी झालेली दिसली. त्याच्या बाबतीत ही घट मानायची की नाही, हे मला अजून नीट समजलेले नाही.

डॉ_मृणाल

मानायची. वाढत्या वयात वजन जागच्या जागी राहणे म्हणजे घटच असते, फक्त काट्यावर ती दिसत नाही. तुमच्या आकड्यांवरून त्याचा बीएमआय १४.५ आणि त्या वयाचा मध्यक सुमारे १७.५ धरला, तर तो ८३ टक्क्यांवर येतो, म्हणजे वरवर पाहता सौम्य. पण बीएमआयमध्ये उंचीने भागतात, आणि उंचीच खुंटली असेल तर भागाकार खोटा दिलासा देतो. म्हणून वाढ आणि वयात येणे थांबले असेल, तर तो दाखल करण्याच्या विचारातला स्वतंत्र निकष आहे. तिथे घाईचे कारण हृदयाचे नसून हाडांचे आणि उंचीचे असते, कारण ही वर्षे निघून गेली की उंची पूर्ण भरून निघेलच असे नाही. त्या शिवणाऱ्या बाईंनी तक्त्याचे काम केले.

शंतनू_प

चौथ्या दिवशी लिहितो आहे. त्याच संध्याकाळी दाखल केले. पहिल्या रात्री मॉनिटरवर नाडी ३६ पर्यंत उतरली आणि मी रात्रभर त्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. पहिल्या दिवशी २००० कॅलरींपासून सुरुवात करून रोज २०० वाढवत आहेत. मला हे फार वाटले. दीर्घ उपासानंतर हळूहळू खायला द्यावे, असे ऐकले होते. तिसऱ्या दिवशी फॉस्फेट थोडे खाली आले, म्हणून तोंडाने पूरक फॉस्फेट सुरू केले आहे. काल दिवसा नाडी ५२ होती, रात्री ४१. मुलगी आता म्हणते, ‘नाडी ५० च्या वर गेली, मला घरी न्या.’ नात्यातल्या डॉक्टरांशी पुन्हा बोलणे झाले. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की उभे राहिल्यावर किती होते. काल ती ५२ वरून ९० झाली होती.

डॉ_मृणाल

फॉस्फेट खाली आले ते वेळेवर सापडले, कारण रोज तपासत आहेत. या आजारात पहिला आठवडा रुग्णालयात काढण्याचे हे एक मोठे कारण आहे. हळूहळू खायला देण्याची पद्धत बरीच वर्षे होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत २००० कॅलरींपासून रोज २०० वाढवलेला गट आणि १४०० पासून एक दिवसाआड २०० वाढवलेला गट यांची तुलना केली. पहिल्या गटातील मुले सुमारे तीन दिवस आधी स्थिर झाली, आणि रक्तातील क्षारांचे बिघाड त्यांच्यात जास्त आढळले नाहीत. मात्र अतितीव्र कुपोषित, म्हणजे मध्यकाच्या ६० टक्क्यांखालील मुले त्या चाचणीत नव्हती. त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. तुमची मुलगी त्या गटात नाही.

घरी नेण्याबद्दल सांगायचे, तर दिवसाची नाडी सर्वांत आधी सुधारते. रात्रीची मागे राहते, आणि उभे राहिल्यावरची वाढ बहुधा सर्वांत शेवटी ओसरते. रात्री ४१ आणि उभे राहून ३८ ची वाढ, हे अजून स्थिर झाल्याचे चित्र नाही. तिच्याशी बोलताना आकड्यांवर वाद घालू नका, कारण या आजारात कोणताही आकडा सौद्याचा विषय होतो. ‘हृदय अजून थकलेले आहे, ते सावरले की डॉक्टर सांगतील’ एवढेच म्हणा. आणि एक गोष्ट आजच विचारून ठेवा. दाखल होताना मुलीला एकटीला घेऊन जगण्याचा कंटाळा, स्वतःला इजा करण्याचे विचार, यांबद्दल कोणी विचारले होते का? नाडी सुधारली तरी या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिला रुग्णालयात ठेवण्याचे ते वेगळे कारण आहे.

शंतनू_प

विचारले नव्हते. आज दुपारी मानसोपचार विभागाच्या डॉक्टर येऊन तिच्याशी तासभर एकट्याने बोलल्या. काय बोलणे झाले ते मला सांगितले नाही, पण खोलीत रात्री कोणीतरी सतत सोबत असावे, असे त्यांनी नोंदवले आहे. आज रात्री तिची आई थांबते आहे, उद्या मी.

कल्पना_परिचारिका

सोबत बसाल तेव्हा मॉनिटरचा पडदा तिच्या आणि तुमच्याही नजरेआड फिरवून घ्यायला सांगा. मध्यवर्ती कक्षात तो आम्हाला दिसत असतोच.